रविवारची दुपार आणि न येणारी झोप

लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या होस्टेलात रविवारी दुपारी दोनच्या सुमारास गेलात, तर मजल्यावर सामसूम असते. सकाळची टेस्ट संपलेली, मेसमध्ये जेवणं झालेली. आठवडाभर रात्री चार-साडेचार तासच झोपलेली मुलं उशीला डोकं टेकताच गाढ झोपतात. त्यांच्याकडे बघून जीव तुटतो. तरी मला जास्त काळजी वाटते ती त्याच खोलीत, त्याच वेळी, छताकडे डोळे लावून पडलेल्या मुलाची. झोपलेला मुलगा दमलेला आहे. जागा असलेला मुलगा कदाचित आजारी पडत चालला आहे. या दोघांतला फरक घरच्यांना आणि रेक्टरना ओळखता आला, तर पुष्कळ मुलं वेळेत सावरतील.

आधी दमणं समजून घेऊ. सोळाव्या वर्षी मूल रात्री बारापर्यंत जागतं आणि सकाळी उठवत नाही, याला घरात आळस म्हणतात. खरं तर वयात येताना मेंदूतलं घड्याळच एक-दोन तासांनी पुढे सरकतं. अंधार पडल्यावर झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन या वयात उशिरा स्रवू लागतं, आणि दिवसभर साठत जाणारा झोपेचा दाबही लहान मुलांपेक्षा हळू वाढतो. त्यामुळे दहा वाजता अंथरुणावर टाकलं तरी त्याला झोप लागत नाही. झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७६ साली मेरी कार्स्काडन आणि सहकाऱ्यांनी मुलांचं एक उन्हाळी झोप-शिबिर सुरू केलं. मुलं मोठी होतील तशी कमी झोपतील, असा त्यांचा अंदाज होता. दहा तास अंथरुणात राहू दिल्यावर लहान काय आणि मोठी काय, मुलं साधारण नऊ तास झोपत होती.

आता एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. तो कुणी एक खरा मुलगा नाही, अशा अनेकांच्या दिनक्रमातून जुळवलेला आहे. अकरावीत आहे, वय सोळा, नीटची तयारी. गावाकडे वडिलांनी सोयाबीन विकून होस्टेलचा हप्ता भरलाय, हे त्याला पक्कं माहीत आहे. पाचला गजर, सहापर्यंत अंघोळ, मग रिव्हिजन. आठ ते दोन क्लास, चारपासून अभ्यासिका, मध्ये जेवण, आणि रात्री साडेबाराला दिवा बंद. झोप साडेचार तास. गरज नऊ तासांची धरली तर रोज साडेचार तास उधारी, सहा दिवसांत सत्तावीस तास. रविवारी दुपारी तो तीन तास झोपतो. बाकीची उधारी तशीच पुढच्या आठवड्यात जाते.

ही उधारी मुलाच्या स्वभावात दिसू लागते. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे, धोका हेरणारा. कपाळामागचा पुढचा मेंदू त्याला आवरून धरतो. २००७ साली तरुण प्रौढांवर झालेल्या एका प्रयोगात, रात्रभर जागलेल्यांना वाईट चित्रं दाखवल्यावर त्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा सुमारे साठ टक्के जास्त पेटला, आणि पुढच्या मेंदूशी त्याचा दुवाही सैल पडलेला दिसला. सोळाव्या वर्षी हा आवरणारा भाग अजून पूर्ण घडलेला नसतो. म्हणून टेस्टमधले वीस मार्क गेले की या मुलाला सगळंच संपल्यासारखं वाटतं. तो नाटक करत नसतो, त्याला ते खरोखर तेवढंच मोठं वाटतं.

इथपर्यंत तो फक्त दमलेला आहे. चार दिवस नीट झोपू दिलं तर तो बराचसा ताळ्यावर येईल.

नोव्हेंबरमध्ये गोष्ट बदलते. टेस्टचे मार्क ७२० पैकी ५४० वरून ५०५ वर आणि मग ४७० वर येतात. त्याला वाटतं अभ्यास कमी पडतोय, म्हणून तो आणखी एक तास जागायला लागतो. पुस्तकासमोरचे तास वाढतात, पण एकच पान तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. पेपरमध्ये येणारी उत्तरंही तो पुन्हा पुन्हा तपासतो, वेळ संपतो आणि शेवटचे वीस प्रश्न कोरे राहतात. इकडे तास वाढतायत आणि तिकडे मार्क उतरतायत, ही जोडी एकत्र दिसली की मुलगा अभ्यास टाळतोय असं समजू नये. लक्ष धरून ठेवणारं यंत्रच अडकलंय.

आणि मग झोप बिघडते. दीडला दिवा बंद होतो, पण डोळा लागता लागता तीन वाजतात. कधी डोळा लागतो, पण चारला टक्क जाग येते आणि त्या अंधारात टेस्टचे मार्क, वडिलांचा चेहरा, मे महिना असं एकामागून एक येत राहतं. रविवारी दुपारी शेजारचे दोघं घोरतायत आणि हा जागा आहे. इतकी उधारी साठलेल्या शरीराला संधी मिळताच झोप यायला हवी. ती येत नाही, याचा अर्थ शरीराची धोक्याची घंटा बंदच होत नाहीये. ताणाच्या वेळी स्रवणारं कॉर्टिसॉल एरवी मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असतं आणि पहाटे वाढतं. ताण सतत राहिला की अनेकांमध्ये ते रात्रीही हवं तेवढं उतरत नाही, आणि झोपेचा दाब कितीही असला तरी जागेपण त्याच्यावर मात करतं.

एखाद्या मोठ्या टेस्टच्या आदल्या रात्री झोप न येणं कुणालाही होतं. मोजायचं असतं ते दोन आठवड्यांचं. नैराश्याच्या तपासणीत डॉक्टर हाच कालावधी विचारतात. उशिरापर्यंत मोबाइल, रात्रीचा कडक चहा, रक्तक्षय, थायरॉइड ही कारणंही पाहावी लागतात. आणि काही मुलांत चित्र उलटं असतं: सुट्टीच्या दिवशी बारा-बारा तास झोपूनही अंग उचलत नाही, क्लास बुडवून पांघरुणातच राहावंसं वाटतं. त्यामुळे झोप एकटी बघू नये, तिच्याबरोबर काय काय बदललं तेही बघावं.

बदलतं ते बहुतेकदा घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं असतं. नैराश्य म्हटलं की आपण रडणारं मूल शोधतो. या वयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं, आणि निदानाच्या निकषांतही मुलांसाठी उदासीच्या जागी चिडचिड धरली जाते. आपला मुलगा दिव्याच्या बटणावरून रूममेटच्या अंगावर धावून जातो. आईने फोनवर "जेवलास का रे?" विचारलं, तर "तू रोज तेच काय विचारतेस गं!" म्हणून फोन कट करतो. रेक्टर म्हणतात, पोरगा उद्धट झालाय. मेसच्या ताटात पोळी अर्धी राहते. पोट दुखतं, डोकं दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. संध्याकाळी गच्चीवर प्लॅस्टिकच्या बॉलने खेळायला जायचा, तो जायचा थांबतो. वेळ नाही म्हणून थांबला असता तर परीक्षा झाल्यावर गेला असता. पण युनिट टेस्ट संपलेल्या संध्याकाळीही, सगळे हाका मारत असताना, तो म्हणतो, "नको, मजा येत नाही." आवडणाऱ्या गोष्टीतली गोडी जाणं हे माझ्या मते मार्कांपेक्षा कितीतरी महत्त्वाचं लक्षण आहे, आणि ते सर्वांत आधी रूममेटला कळतं.

याच्यापुढची लक्षणं दिसली तर दोन आठवडे मोजत बसायचं नसतं. "मी नसतो तर बाबांचे पैसे तरी वाचले असते" यासारखं बोलणं. आवडती वस्तू सहज कुणाला देऊन टाकणं. कुणाकुणाची उगाच माफी मागणं. आणि अनेक आठवड्यांच्या घालमेलीनंतर, काहीही कारण नसताना, अचानक आलेला शांतपणा. अशा वेळी थेट विचारावं: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती सगळ्यांना वाटते. संशोधनात तसं आढळलेलं नाही, उलट अनेक मुलांना बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, किंवा तो नुसताच गप्प राहिला, तरी त्या रात्री त्याला खोलीत एकटं ठेवायचं नाही, घरच्यांनी निघायचं आणि मानसोपचारतज्ज्ञाला त्याच दिवशी गाठायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं, आणि पालक किंवा रूममेटही फोन करू शकतात.

मुलाला एवढं ताणणारी व्यवस्था बदलायला हवी, हे सरकारलाही मान्य आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखाली प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, आठवड्याला एक सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, टेस्टचे निकाल जाहीर लावायचे नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्कांवरून बॅच वेगळ्या करण्याबद्दलही संस्थांना बजावलं. प्रवेश घेताना पालकांनी हे एकेक विचारावं, त्यांना तो हक्क आहे. पण क्लास पाच तासांचा केला आणि अभ्यासिका रात्री बारापर्यंत सक्तीची ठेवली, तर झोपेच्या हिशेबात काहीच फरक पडत नाही. म्हणून होस्टेलात दिवे कधी बंद होतात आणि पहिला गजर कधी वाजतो, हेही विचारावं.

आपल्या मुलाच्या आईने एका रविवारी फोनवर "किती पडले?" ऐवजी विचारलं, "रात्री डोळा कधी लागतो रे तुझा?" तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "लागतच नाही." ती दुसऱ्या दिवशी एसटीने आली आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली. तीन आठवडे घरी, ठरल्या वेळी झोपणं-उठणं, आठवड्यातून एकदा समुपदेशन आणि औषध. औषधाचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. सुधारणाही सगळी एकदम येत नाही. आधी झोप आणि भूक परततात, अंगात जोर येतो, निराशा मात्र मागे रेंगाळते. हा मधला काळ नाजूक असतो, कारण मन अजून अंधारात असताना हातापायांत बळ आलेलं असतं. मुलगा जरा बरा दिसतोय म्हणून या दिवसांत त्याला होस्टेलात एकटं सोडू नये, आणि औषध सुरू केल्याच्या पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टरांना वरचेवर भेटावं.

जानेवारीत तो परत गेला, सकाळी साडेसहाला उठायचं असं रेक्टरशी ठरवून. पहिल्या टेस्टला ४८० पडले. गच्चीवर खेळायला तो आणखी पंधरा दिवसांनी गेला. पण परतल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, दुपारी दोनला, आईचा फोन वाजला तेव्हा रूममेटने उचलला आणि आवाज खाली करून म्हणाला, "काकू, झोपलाय तो. उठवू का?"