रोटेशन, रिफ्लेक्शन आणि स्केलिंगचे मॅट्रिक्स, आणि होमोजिनियस कोऑर्डिनेट्स

स्क्रीनवरचं चित्र फिरवायचं, आरशात दिसतं तसं उलटवायचं किंवा लहानमोठं करायचं म्हणजे त्यातल्या प्रत्येक बिंदूचे x आणि y बदलायचे, आणि हा बदल ज्या आकड्यांच्या चौकटीने करतात तिला ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स म्हणतात. टू-डीमध्ये तिन्ही कामांना २×२ ची चौकट पुरते. रोटेशनची आणि स्केलिंगची अशी दिसते, θ म्हणजे फिरवायचा कोन आणि sx, sy म्हणजे आडवं आणि उभं किती पट करायचं ते:

```
R = | cosθ  -sinθ |     S = | sx   0 |
    | sinθ   cosθ |         | 0   sy |
```

अक्षातलं रिफ्लेक्शन म्हणजे स्केलिंगच, फक्त एक आकडा −१. उभ्या अक्षात उलटवायचं तर sx = −१ आणि sy = १, झालं. इथपर्यंत कुणाचं अडत नाही. अडतं ते पुढे, कारण या तिन्ही मॅट्रिक्सना फक्त एकच जागा माहीत असते, ती म्हणजे ओरिजिन, (०, ०). फिरवणार ते ओरिजिनभोवती, मोठं करणार ते ओरिजिनपासून लांब ढकलत, उलटवणार ते ओरिजिनमधून जाणाऱ्या रेषेत. आणि आपल्याला स्क्रीनवर जे फिरवायचं असतं ते ओरिजिनवर जवळजवळ कधीच नसतं.

एक साधं उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. ओव्हल मैदानाच्या बाजूने चालताना राजाबाई टॉवरचं घड्याळ दिसतं, ते ६४०×४८० च्या स्क्रीनवर काढायचंय असं समजा. (मुंबईतल्या कित्येक इंजिनीअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या graphics.h ने याच साइजच्या स्क्रीनवर वर्षानुवर्षं चित्रं काढली गेलीत.) घड्याळाचं केंद्र स्क्रीनच्या मधोमध, (३२०, २४०). मिनिटकाटा १०० पिक्सेल लांब आणि बाराकडे रोखलेला, म्हणजे त्याचं टोक (३२०, १४०), कारण स्क्रीनवर y वरून खाली वाढत जातो. आता काटा ९० अंश फिरवून तीनवर आणायचा, म्हणजे टोक (४२०, २४०) ला यायला पाहिजे.

९० ला cos शून्य आणि sin एक, त्यामुळे R सरळ लावलं तर (x, y) चं (−y, x) होतं. टोक गेलं (−१४०, ३२०) ला आणि काट्याचं दुसरं टोक, जे केंद्रावर खिळलेलं असायला हवं, ते गेलं (−२४०, ३२०) ला. दोन्ही x निगेटिव्ह, म्हणजे अख्खा काटा स्क्रीनच्या डाव्या कडेच्या बाहेर. लॅबमध्ये मुलं म्हणतात "सर, काटा गायबच झाला", आणि मग cos-sin च्या चिन्हांमध्ये चूक शोधत बसतात. पण फॉर्म्युला बरोबर असतो, काटा फिरलाय पण स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्याभोवती. फिरवल्यावर वस्तू दूर कुठेतरी उडाली तर पहिला संशय नेहमी यावरच घ्यावा.

उपाय सगळ्यांना सुचतो: आधी घड्याळाचं केंद्र ओरिजिनवर सरकवा, मग फिरवा, मग परत जागेवर आणून ठेवा. अडचण अशी की सरकवणं हे २×२ मॅट्रिक्सने होतच नाही. कुठलीही २×२ चौकट घ्या आणि (०, ०) ला गुणा, उत्तर (०, ०) च येणार, आणि सरकवायचं तर ओरिजिनसुद्धा हललं पाहिजे. मग सरकवण्यासाठी वेगळी बेरीज, फिरवण्यासाठी गुणाकार, परत बेरीज, असं प्रत्येक बिंदूसाठी करत बसावं लागतं आणि या पायऱ्या एकाच मॅट्रिक्समध्ये गोळा करता येत नाहीत.

होमोजिनियस कोऑर्डिनेट्स इथे कामाला येतात. बिंदूला तिसरा आकडा जोडायचा, (x, y) ऐवजी (x, y, १), आणि मॅट्रिक्स ३×३ चं करायचं. त्या जोडलेल्या १ मुळे शेवटच्या कॉलममधले आकडे आपोआप x आणि y मध्ये मिळवले जातात, म्हणजे बेरीजसुद्धा गुणाकारातच होऊन जाते:

```
T(a,b) = | 1  0  a |
         | 0  1  b |
         | 0  0  1 |
```

ही कोऑर्डिनेट्स कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहेत, मोबियस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये भूमितीसाठी मांडलेली. ग्राफिक्सवाल्यांनी ती १९६० च्या दशकात उचलली.

आता घड्याळाचं काम तीन मॅट्रिक्सच्या गुणाकारात बसतं. बिंदू उजवीकडे लिहायची पद्धत धरली तर आधी होणारं काम सगळ्यात उजवीकडे येतं, म्हणून ही ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची:

```
M = T(320,240) · R(90°) · T(-320,-240)

M = | 0  -1  560 |
    | 1   0  -80 |
    | 0   0    1 |
```

टोक टाकून बघा: −१४० + ५६० = ४२० आणि ३२० − ८० = २४०. तीनवर आला काटा. पण त्याहून उपयोगाची तपासणी म्हणजे केंद्र टाकून बघणं, −२४० + ५६० = ३२० आणि ३२० − ८० = २४०, म्हणजे केंद्र जागचं हललं नाही. ज्या बिंदूभोवती फिरवायचंय तो बिंदू स्वतः हलता कामा नये, एवढी एक गोष्ट तपासली तरी निम्म्या चुका तिथेच सापडतात. दोन T ची अदलाबदल झाली असती तर हेच टोक (−७००, ४००) ला गेलं असतं.

M एकदा काढलं की डायलवरचे आकडे, काटे, नक्षी, हजारो बिंदू असले तरी प्रत्येकाला एकच गुणाकार. SVG मध्ये हेच M `matrix(0 1 -1 0 560 -80)` असं लिहितात, किंवा नुसतं `rotate(90 320 240)`, म्हणजे सरकवा-फिरवा-परत आणा हे तीन टप्पे ब्राउझर आतल्या आत करून टाकतो. आणखी एक लक्षात ठेवा, पुस्तकातल्या ग्राफवर पॉझिटिव्ह θ म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरणं, पण इथे y खाली वाढतो म्हणून तेच R घड्याळाच्या दिशेने फिरवतं. आपल्या काट्याला ते सोयीचंच पडलं.

काही पुस्तकं बिंदू डावीकडे आडवा लिहितात. तिथे a, b खालच्या ओळीत जातात आणि गुणाकाराचा क्रमही उलटा होतो. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एका पुस्तकातलं मॅट्रिक्स आणि दुसऱ्यातला क्रम घेतला की गडबड झालीच, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स जमवताना नेमकं हेच होतं.

स्केलिंगमध्ये क्रमाचा फरक डोळ्यांना चटकन दिसतो. समजा काटा फक्त x मध्ये दुप्पट करायचा, S(२, १), केंद्रापासूनच. आधी फिरवलं आणि मग हे स्केलिंग लावलं तर बाराकडे रोखलेला काटा १०० पिक्सेलचाच राहतो आणि तीनकडचा २०० चा होतो, म्हणजे फिरता फिरता काटा लांब-आखूड होत राहतो आणि त्याचं टोक गोलाऐवजी लंबगोलावर चालतं. आधी स्केलिंग आणि मग रोटेशन केलं तर लांबी कायम १००, फक्त काटा जाड होतो, कारण उभ्या काट्यासाठी x म्हणजे त्याची रुंदी. यातलं कुठलंच चूक नाही, आपल्याला काय हवंय त्यावर आहे. दोन्ही बाजूंना सारखंच स्केलिंग असेल आणि केंद्रही तेच असेल तर मात्र क्रम कसाही ठेवा, उत्तर तेच येतं.

रिफ्लेक्शनचा स्वभाव या दोघांपेक्षा वेगळा. रुग्णवाहिकेच्या बॉनेटवर अक्षरं उलटी रंगवलेली असतात, पुढच्या टॅक्सीवाल्याला आरशात ती सुलटी दिसावीत म्हणून. रंगवताना एकदा उलटवलं, आरशाने दुसऱ्यांदा उलटवलं, आणि मूळ अक्षरं परत मिळाली; एकाच रेषेतलं रिफ्लेक्शन दोनदा केलं की काहीच न केल्यासारखं होतं. आणि हे काम रोटेशनने कितीही फिरवून होत नाही. बॅनर १८० अंशात उलटा टांगला तरी मान वाकडी करून वाचता येतो, पण आरशातली अक्षरं कशीही मान वळवली तरी आरशातलीच राहतात. गणितात हा फरक डिटर्मिनंटमध्ये दिसतो: रोटेशनचा +१, रिफ्लेक्शनचा −१. साखळीच्या शेवटी आलेल्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट निगेटिव्ह असेल तर चित्र कुठेतरी उलटलंय हे नक्की. थ्री-डीमध्ये (तिथे हेच सगळं ४×४ मध्ये चालतं) याचा फटका असा बसतो की त्रिकोणाच्या कोपऱ्यांचा क्रम उलटतो, ग्राफिक्स कार्डला पुढची बाजू मागची वाटते आणि ती काढलीच जात नाही, म्हणून मॉडेल आतून पोकळ दिसायला लागतं.

आपल्या स्क्रीनवर मधल्या उभ्या रेषेत उलटवायचं तर आधी T(−३२०, ०), मग sx = −१ चं रिफ्लेक्शन, मग T(३२०, ०), थोडक्यात x च्या जागी ६४० − x. पण पिक्सेलच्या रांगा ० ते ६३९ अशा आहेत, त्यामुळे शून्याची रांग ६४० ला जाते, जी स्क्रीनवर नाहीच, आणि डावीकडे एक रिकामी रेघ उरते. पिक्सेलच्या नंबरांनी मोजायचं तर खरी मधली रेषा ३१९.५ ला आहे, म्हणून ६३९ − x घ्यावं. एका पिक्सेलची ही चूक इतकी बारीक असते की फोटोवर दिसत नाही, पण कडेला बॉर्डर असली की लगेच डोळ्यात भरते.

तिसरा आकडा नेहमी १ च हवा असंही नाही. बिंदूसाठी १ आणि नुसत्या दिशेसाठी ०. काट्याची दिशा (०, −१००, ०) अशी लिहून M ने गुणली की (१००, ०, ०) येते, ती फिरली पण सरकली नाही, कारण ५६० आणि −८० ला गुणायला शून्य होतं. दिशा सरकवण्याला अर्थच नसतो, त्यामुळे हे अगदी हवं तसंच होतं.

काटा चालता करताना दोन चुका हमखास होतात. सेकंदकाटा दर सेकंदाला ६ अंश फिरतो, पण सी मधले cos आणि sin रेडियन मागतात. तिथे सरळ ६ टाकलं तर ६ रेडियन म्हणजे सुमारे ३४४ अंश होतात, आणि काटा दर सेकंदाला १६ अंश मागे उडी मारताना दिसतो. दुसरी चूक हळूहळू कळते. मागच्या जागेवरून पुढची जागा काढली आणि int मध्ये ठेवली की दशांश कापले जातात: केंद्रापासून मोजलेल्या (०, −१००) चं ६ अंशांनंतर (१०.४५, −९९.४५) व्हायला हवं, उरतं (१०, −९९), आणि लांबी ९९.५. प्रत्येक सेकंदाला थोडं थोडं कापलं जात काटा केंद्राकडे आक्रसत जातो. म्हणून मूळ टोक तसंच जपून ठेवावं, एकूण किती अंश झाले ते मोजावं आणि दर वेळी M नव्याने बांधून त्या मूळ टोकालाच लावावं.