पोटभाडं आणि बोर्ड: मुदत कशाला?

“भाडेकरू कंपनीने विनापरवानगी बोर्ड लावला, अर्धं ऑफिस दुसऱ्याला दिलं. करार संपवण्याच्या पत्रात दोन्ही गोष्टी सुधारायला मुदत द्यावीच लागते ना?”

फक्त बोर्डासाठी. भाडेकरूचं भरणा भांडवल 1 कोटी किंवा अधिक असेल तर महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा नाही, 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्याच्या कलम 114अ नुसार बोर्डाबाबत नेमका भंग लिहा (‘दर्शनी भिंतीवर 8 बाय 3 फुटांचा ग्लो-साइन’) आणि तो काढायला वाजवी मुदत द्या. करारात पोटभाड्याला स्पष्ट मनाई असेल तर हे कलम तिथे लागूच नाही. मात्र भंग कळल्यावर त्यानंतरचं भाडं घेतलंत, तर कलम 112 प्रमाणे करार संपवण्याचा हक्क सोडल्यासारखं होतं. मागची थकबाकी खुशाल घ्या.