घरगुती आयपी कॅमेऱ्याची सुरक्षा

घरातला आयपी कॅमेरा, म्हणजे नेटवर्कला जोडलेला कॅमेरा, किंवा रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर परक्याच्या ताब्यात जाऊ नये, आणि गेलाच तर तिथून घरातल्या इतर उपकरणांपर्यंत त्याला पोहोचता येऊ नये, यासाठीची व्यवस्था. तिचे तीन भाग आहेत: कारखान्यातूनच घालून आलेला डिफॉल्ट पासवर्ड बदलणे, कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर अद्ययावत ठेवणे आणि कॅमेरा घरच्या मुख्य नेटवर्कपासून वेगळा ठेवणे. बहुतेक घरांत पहिल्या भागावरच गाडी थांबते. प्रत्यक्षात पहिला भाग जिथे अपुरा पडतो तिथे दुसरा लागतो, आणि दुसरा हाती नसेल तर तिसऱ्यावरच भिस्त राहते.

डिफॉल्ट पासवर्ड

बहुतेक आयपी कॅमेऱ्यांच्या आत लिनक्सवर चालणारा छोटा संगणक असतो. ऑगस्ट २०१६ मध्ये उजेडात आलेल्या ‘मिराई’ या मालवेअरने नेमका याचाच फायदा घेतला. मिराई इंटरनेटवरचे पत्ते वाटेल तसे निवडून त्यांवरचे टेलनेटचे, म्हणजे दुरून लॉगिन करून आज्ञा देण्याच्या सोयीचे दार, पोर्ट २३ आणि २३२३, ठोठावून पाहत असे. दार उघडे मिळाले की स्वतःजवळच्या साठेक जोड्यांच्या यादीतून नाव-पासवर्ड घालून बघे. यादीत `admin`/`admin` होते, तसेच `root`/`xc3511` आणि `root`/`vizxv` हेही होते. एवढ्या साध्या युक्तीने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर त्याच्या कह्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या डीएनएस कंपनीवर या उपकरणांचा मारा झाला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे काही तास उघडेनात.

यातला `xc3511` हा पासवर्ड मुद्दाम पाहण्यासारखा आहे. चीनमधली श्योंगमाई ही कंपनी इतरांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डीव्हीआर-कॅमेऱ्यांचे सुटे भाग आणि सॉफ्टवेअर बनवत असे. तिच्या जुन्या फर्मवेअरमध्ये हा पासवर्ड पक्का कोरलेला होता. मालकाने ब्राउझरमध्ये जाऊन पासवर्ड बदलला तरी बदले तो फक्त त्या पडद्याचा. टेलनेटचा पासवर्ड तसाच राही, आणि टेलनेट बंद करण्याची सोय मालकाला दिसतच नसे. त्यामुळे ‘मी तर पासवर्ड बदललाय’ हे खरे असूनही कॅमेरा उघडाच. मिराई फक्त मेमरीत राहत असल्याने कॅमेरा बंद-चालू केला की ते पुसले जाई. पण दार तसेच असल्याने काही मिनिटांत पुन्हा लागण होई.

आपल्या कॅमेऱ्याला असे दार आहे का, हे घरच्या संगणकावरून तपासता येते. राउटरच्या यादीत कॅमेऱ्याचा पत्ता पाहावा. तो समजा 192.168.1.64 असेल, तर उघडी पोर्ट शोधणाऱ्या एनमॅप या प्रोग्रामला अशी आज्ञा द्यावी:

```
nmap -Pn -p 23,80,554,2323 192.168.1.64
```

५५४ हे व्हिडिओ पाहण्याचे पोर्ट, ८० हे ब्राउझरचे. ती उघडी दिसणे नेहमीचे आहे. `23/tcp open telnet` अशी ओळ आली तर मात्र पासवर्ड बदलून भागणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. कॅमेरे बसवणारा माणूस सगळ्या गिऱ्हाइकांकडे सोयीसाठी एकच पासवर्ड ठेवतो, बाहेरून फोनवर दिसावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायची वाटही करून जातो, आणि घरमालकाला या दोन्हींचा पत्ता नसतो. तांत्रिकदृष्ट्या हा डिफॉल्ट पासवर्ड नव्हे, पण धोका तोच. काम झाल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड स्वतः बदलावा, राउटरमधली पोर्ट फॉरवर्डिंगची यादी रिकामी करावी आणि यूपीएनपी बंद करावे. ते चालू असेल तर कॅमेरा न विचारता स्वतःच राउटरमध्ये वाट पाडून घेऊ शकतो.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच डिफॉल्ट पासवर्ड देऊन अशी उपकरणे विकण्यास कायद्याने बंदी आहे. भारतातही एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी बंधनकारक झाली. आधीच भिंतीवर बसलेल्या कॅमेऱ्यांना याचा उपयोग नाही.

फर्मवेअर

पासवर्ड कितीही कठीण असला तरी तो विचारणारा प्रोग्रामच सदोष असेल तर निरुपयोगी. सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेला हिकव्हिजन कॅमेऱ्यांतला `CVE-2021-36260` हा दोष असाच होता. कॅमेऱ्याच्या वेब सर्व्हरला विशिष्ट विनंती पाठवली की तो ती थेट आज्ञा म्हणून चालवे. लॉगिन लागतच नसे. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिले, पण ते न टाकलेले कॅमेरे पुढे मिराईच्याच कुळातल्या ‘मूबॉट’ने धरले.

फर्मवेअर किती जुने आहे हे बहुधा आवृत्तीच्या ओळीतच कळते. `build 190114` असे लिहिलेले असेल तर ते १४ जानेवारी २०१९ चे. नवी फाइल घेताना मॉडेलच नव्हे तर मागच्या स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्तीही जुळवावी, कारण एकाच मॉडेलच्या आत वेगवेगळ्या चिप असू शकतात. फाइल चढत असताना वीज गेली तर कॅमेरा कायमचा मुका होण्याची शक्यता असते, म्हणून कॅमेरा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर असतानाच हे काम काढावे.

खरी पंचाईत स्वस्त, नाव बदलून विकलेल्या कॅमेऱ्यांची. खोक्यावरच्या कंपनीने फर्मवेअर लिहिलेलेच नसते, त्यामुळे तिच्या संकेतस्थळावर काही मिळत नाही. दुसऱ्याच संकेतस्थळावरून ‘चालेल’ म्हणून मिळालेली फाइल टाकण्यापेक्षा कॅमेरा वेगळा ठेवलेला बरा.

नेटवर्क वेगळे ठेवणे

वाय-फाय कॅमेऱ्यासाठी राउटरमधले गेस्ट नेटवर्क पुरते. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालू करावे, कारण बरेच कॅमेरे ५ गिगाहर्ट्झ ओळखत नाहीत. गेस्टना घरचे नेटवर्क दिसू देणारी खूण काढावी. काही राउटरमध्ये ती `Allow guests to access my local network` अशी असते. मग फोन गेस्टला जोडून घरातल्या प्रिंटरचा किंवा संगणकाचा पत्ता उघडून पाहावा. उघडला, तर वेगळेपण नावापुरतेच आहे. कॅमेऱ्याचे अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालत असल्यास फोन मुख्य नेटवर्कवर असूनही चित्र दिसते. घरातच एनव्हीआर या आयपी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग होत असेल तर तोही कॅमेऱ्यांच्याच बाजूला ठेवावा लागतो.

तारेने जोडलेल्या डीव्हीआरला गेस्ट नेटवर्क लागू पडत नाही. तिथे व्हीलॅन, म्हणजे एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्के पाडण्याची सोय असलेला राउटर हवा, नाहीतर जुना राउटर दुसरा म्हणून लावावा. इथे हमखास उलटे होते: लोक कॅमेरे मागच्या, म्हणजे दुसऱ्या राउटरला जोडतात. मागच्या राउटरमधून पुढच्या नेटवर्कात जायला सहसा आडकाठी नसते. अडवले जाते ते पुढून मागे येणे. म्हणजे कॅमेऱ्याला घरचे सगळे संगणक दिसतात आणि संगणकांना मात्र कॅमेरा दिसत नाही. म्हणून कॅमेरे इंटरनेटच्या जोडणीच्या पहिल्या राउटरवर ठेवून घरातले फोन-लॅपटॉप दुसऱ्यावर घ्यावेत.

याहून कडक उपाय म्हणजे कॅमेऱ्याचे इंटरनेटच तोडणे. मग बाहेरून पाहता येत नाही आणि फर्मवेअरची फाइलही हाताने टाकावी लागते. शिवाय इंटरनेटवरून वेळ जुळवता न आल्याने कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू सरकते. चोरीनंतर पोलिसांना फुटेज देताना त्यावरची वेळ काही मिनिटांनी चुकलेली असेल तर उगाच खुलासे द्यावे लागतात. त्यासाठी राउटर किंवा एनव्हीआरमध्ये वेळ पुरवण्याची, म्हणजे एनटीपीची सोय असल्यास कॅमेऱ्यात त्याचा पत्ता भरून ठेवतात.