बॅलन्स शीट बघून फॉरवर्ड मागण्याआधी

वर्षअखेरीचे हिशोब झाले की आम्हाला हमखास एक मेल येतो, "करन्सीमुळे एवढा लॉस दिसतोय, तेवढ्या रकमेचा फॉरवर्ड काढून द्या." सोबत कन्सॉलिडेटेड बॅलन्स शीटची पीडीएफ. त्यावर आम्ही आकडा द्यायच्या ऐवजी इनव्हॉइसची यादी मागतो आणि बरेच क्लायंट वैतागतात. का मागतो ते एकदा नीट सांगतो.

समजा एक कंपनी आहे, अमेरिकेत माल एक्स्पोर्ट करते, शिवाय तिथे तिची स्वतःची सबसिडियरीपण आहे. एक्स्पोर्टचं १० लाख डॉलरचं बिल फाडलं तेव्हा डॉलरचा भाव कंपनीच्या घरच्या चलनात ८० होता, क्रेडिट ९० दिवसांचं, आणि पैसे आले तेव्हा भाव ७६. म्हणजे ८ कोटींच्या जागी ७ कोटी ६० लाख मिळाले. हे ४० लाख खरंच गेले, बँकेत आलेच नाहीत, आणि नफ्यातोट्यात दिसतात. याला म्हणायचं ट्रान्झॅक्शन एक्स्पोजर. रक्कम माहीत, तारीख माहीत, त्यामुळे इथे फॉरवर्ड अगदी चपखल बसतो.

आता सबसिडियरी. तिची मालमत्ता ५० लाख डॉलर, देणी ३० लाख, निव्वळ राहिले २० लाख डॉलर. वर्षाच्या सुरुवातीला भाव ८०, शेवटी ७६, तर ग्रुपच्या हिशोबात तेच २० लाख डॉलर ८० लाखांनी कमी दिसतात. तिकडे मशीन तेवढीच, स्टॉक तेवढाच, एक पैसाही कुठे गेलेला नाही. हा फरक साधारणपणे नफ्यातोट्यात जातही नाही, इक्विटीतल्या वेगळ्या रिझर्व्हमध्ये पडून राहतो आणि सबसिडियरी विकली की मगच नफ्यातोट्यात येतो. हे झालं ट्रान्सलेशन एक्स्पोजर.

घोळ होतो तो इथेच. हे ८० लाख बघून क्लायंट घाबरतो आणि २० लाख डॉलर ७६ च्या भावाने फॉरवर्डमध्ये विकून टाकतो (सोपं जावं म्हणून फॉरवर्डचा भाव स्पॉटइतकाच धरलाय). पुढे डॉलर आणखी पडायच्या ऐवजी ८० झाला तर बँकेला द्यायचे ८० लाख, रोख, मुदतीच्या दिवशी. त्याच्यासमोर फायदा कुठला, तर रिझर्व्हमध्ये वाढलेले ८० लाख, जे कागदावरच आहेत, त्यातून बँकेचे पैसे देता येत नाहीत. कागदावरचा तोटा टाळायला निघालो आणि खऱ्या कॅशचा तोटा घेऊन बसलो असं होतं, आणि असा सौदा मध्येच सोडवायचा म्हटलं तर त्यात आमचाही वेळ जातो आणि तुमचाही.

ट्रान्सलेशन कधीच कव्हर करू नये असं नाही हां. बँकेच्या लोनमध्ये नेटवर्थची अट असेल आणि या फरकाने ती मोडत असेल, किंवा सबसिडियरी विकायचीच असेल, तर विचार करावा. तेव्हाही शक्य असेल तर डॉलरमध्येच कर्ज घेतलेलं आम्हाला बरं वाटतं. आणि सबसिडियरीने डिव्हिडंड जाहीर केला की तेवढी रक्कम येणी होते, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये येते, ती जरूर कव्हर करा.

दुसरी गोष्ट, सबसिडियरीला डॉलरमध्ये उसने दिलेले पैसे. कन्सॉलिडेशनमध्ये येणं आणि देणं एकमेकांत कटतं, पीडीएफमध्ये ते दिसतच नाही, पण त्यावरचा एक्स्चेंजचा फरक कटत नाही, पैसे परत यायचे असतील तर तो नफ्यातोट्यात येतोच. म्हणून आम्ही यादी मागतो, उगाच कागद वाढवायला नाही.

राहिलं इकॉनॉमिक एक्स्पोजर, जे कुठल्याच बिलावर किंवा बॅलन्स शीटवर नसतं. याच कंपनीला डॉलरभर माल बनवायला घरच्या चलनात ७२ खर्च येतो. ८० च्या भावात सुटतात ८, ७६ च्या भावात ४. डॉलर फक्त ५ टक्के पडला आणि मार्जिन अर्धं झालं, तेही पुढच्या प्रत्येक ऑर्डरवर. त्यात स्पर्धक तिसऱ्या देशातला असेल आणि त्याचं चलन डॉलरसमोर घसरलं, तर तो रेट कमी करून तुमचा गिऱ्हाईक पळवतो, तुमचं चलन जागचं हललं नसलं तरी. इथे ९० दिवसांचा फॉरवर्ड फार तर थोडी उसंत देतो. खरा उपाय म्हणजे काही कच्चा माल डॉलरमध्ये घेणं, काही काम सबसिडियरीकडे हलवणं, करारात भावबदलाचं कलम घालणं. हे ट्रेझरीवाल्याचं एकट्याचं काम नाही, सेल्स आणि परचेसला सोबत बसवावं लागतं, आम्ही ती मीटिंग घेऊन देतो.

आमची फी कव्हर केलेल्या रकमेवर नसते, त्यामुळे "इथे फॉरवर्ड नको" म्हणायला आम्हाला जड जात नाही. मेल करताना एवढं पाठवा: चलनाप्रमाणे येणी-देणी ड्यू डेटसकट, सबसिडियरीशी असलेले व्यवहार वेगळे काढून, आणि लोनच्या अटींचं पान. पीडीएफ नंतर पाठवली तरी चालेल.