लँडस्केप ऑफ फिअर: शिकारी न मारता काय काय बदलतो

लँडस्केप ऑफ फिअर म्हणजे एखाद्या प्राण्याला आपल्या वावरायच्या भागात कुठल्या जागी किती धोका वाटतो याचा त्याच्या डोक्यातला नकाशा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या चितळाला पाणवठ्याजवळची दाट झाडी आणि मोकळं गवत या दोन जागा सारख्या वाटत नाहीत, मग दोन्हीकडे चारा तितकाच का असेना. बिबट्या वर्षात मोजक्याच चितळांना मारतो, पण तो तिथे आहे एवढ्यानेच बाकी सगळी चितळं कुठे चरायचं, किती वेळ मान वर ठेवायची, पिल्लू कुठे लपवायचं हे बदलतात. या दुसऱ्या परिणामाला शिकाऱ्याचा न मारणारा परिणाम म्हणतात आणि बिहेवियरल इकॉलॉजीमध्ये गेली पंचवीसतीस वर्षं वाद चालू आहे तो यावरच, की मारण्यापेक्षा हा परिणाम मोठा असू शकतो का.

हे नाव रूढ झालं ते जॉन लॉन्ड्रे आणि सहकाऱ्यांच्या, अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमधल्या लांडग्यांवरच्या २००१ च्या पेपरमुळे. पण भीती मोजायची कशी हे त्याआधीच जोएल ब्राऊनने १९८८ मध्ये सांगून ठेवलं होतं आणि माझ्या मते या विषयातला खरा मजेचा भाग तोच आहे, कारण लांडगे वगैरे सोडा, ते मोजमाप एक ट्रे, वाळू आणि मूठभर बाजरीत होतं.

ब्राऊनचा विचार असा. वाळूत दाणे मिसळून ठेवले की सुरुवातीला प्राण्याला भराभर सापडतात, मग जसे कमी होतात तसा एकेक दाणा शोधायला जास्त वेळ लागतो. कधीतरी प्राणी ठरवतो, बस झालं, आता परवडत नाही, आणि निघून जातो. तेव्हा ट्रेमध्ये जेवढं उरलं त्याला गिव्हिंग-अप डेन्सिटी, थोडक्यात जीयूडी म्हणतात. निघताना त्याची दाणे मिळवायची गती त्याच्या एकूण खर्चाइतकी असते:

H = C + P + MOC

H म्हणजे निघतानाची मिळकतीची गती, C म्हणजे शरीराचा खर्च, P म्हणजे मारलं जायच्या धोक्याची किंमत आणि MOC म्हणजे इथे घालवलेल्या वेळात दुसरीकडे जे करता आलं असतं त्याची किंमत. आता दोन ट्रे चारपाच मीटरवर ठेवले, एकाच प्राण्यासाठी, एकाच वेळी, तर हवा तीच, भूक तीच, दुसरीकडची कामंही तीच, म्हणजे C आणि MOC दोन्हीकडे सारखे. उरलेल्या दाण्यांत फरक पडला तर तो P मुळे. प्राणी स्वतःच सांगून जातो की इथे थांबायचं भाडं तिथल्यापेक्षा किती जास्त वाटलं.

ठाण्यात हे करायचं तर येऊरच्या पायथ्याला एखाद्या बंगल्याचं किंवा कॉलेजचं आवार बरं, कारण वर नॅशनल पार्कची हद्द आहे आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय ट्रे ठेवणं चालत नाही. प्राणी घ्यायचा आपली नेहमीची खार. तिला वरून शिक्रा उचलतो, खालून मांजर धरतं, त्यामुळे तिचा हिशोब बघायला सोपा. एका ट्रेमध्ये ३ लिटर चाळलेली कोरडी वाळू आणि ३ ग्रॅम बाजरी नीट कालवायची, एक ट्रे करवंदीच्या जाळीला लागून, दुसरा तिथून चार मीटर उघड्यावर. सकाळी उजाडताना मांडायचे, संध्याकाळी उचलायचे, वाळू चाळून उरलेली बाजरी टरफलं बाजूला काढून खिशातल्या डिजिटल काट्यावर तोलायची. पहिले काही दिवस मोजायचेच नाहीत, खारींना ट्रेची सवय होऊ द्यायची.

समजा आकडे असे आले: जाळीजवळ ०.६ ग्रॅम उरलं, उघड्यावर १.५ ग्रॅम. म्हणजे उघड्यावर निम्मा माल शिल्लक असताना, जेव्हा अजून बऱ्यापैकी भराभर दाणे मिळत होते, तेव्हाच खार उठून गेली. पण इथे घाई करून ‘भीती अडीचपट’ असं लिहू नये. ग्रॅम म्हणजे मिळकतीची गती नव्हे. त्यासाठी वेगळं बघावं लागतं की किती दाणे असताना खार मिनिटाला किती काढते, तो आलेख काढला की १.५ आणि ०.६ ला किती गती होती ते कळतं आणि फरक मग त्या गतीत सांगायचा.

बिघडतं काय, तर सगळ्यात आधी मुंग्या. बाजरी बघता बघता वाहून नेतात आणि तुम्ही समजता खारीला अजिबात भीती नाही. मग कबुतरं, ठाण्यात ती तर ट्रे खाली टेकवायच्या आधी हजर. पावसाळ्यात ओल्या वाळूत उकरणंच अवघड होतं, मग दोन्ही ट्रेमध्ये जास्त उरतं आणि ती भीती नसते. म्हणून ट्रेची वाळू रोज फडक्याने सपाट करायची, मग पाय कोणाचे उमटलेत ते दिसतं, खारीचे, कबुतराचे की उंदराचे. वाळूवर एकही ठसा नाही आणि ३ ग्रॅमच्या ३ ग्रॅम उरलंय तर त्याचा अर्थ भीती असा लावू नये, कोणाला ट्रे सापडलाच नाही. आणि दोन्ही ट्रे रिकामे झाले तर दाणे फार सहज मिळत होते, वाळू वाढवा.

अजून एक फसवी गोष्ट म्हणजे आडोसा नेहमी सुरक्षित असतो हे आपण धरून चालतो. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात जर्बिल नावाच्या उंदरांवर असे ट्रे लावून खूप काम झालं, तिथे उघड्यावर घुबड आणि झुडपाखाली विषारी साप, दोन्हीकडून कोंडी. चांदण्या रात्री ते उघड्यावर जास्त दाणे सोडून जातात कारण घुबडाला दिसतात. येऊरला करवंदीखाली घोणस असू शकते, मग तिथल्या उंदराचा नकाशा खारीच्या नकाशाच्या उलटाही निघेल. भीतीचा नकाशा हा जागेचा नसतो, या प्राण्याचा, या शिकाऱ्यापुरता, या वेळेपुरता असतो, हे विसरलं की सगळा अभ्यास गडबडतो.

बरं, पण नुसत्या भीतीने प्राण्यांची संख्या बदलते का, की फक्त वागणं? हे सुटं करायला दोन प्रयोग झाले ते फार हुशारीचे आहेत. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ऑस्वाल्ड श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी शिकारी कोळ्यांचे जबडे गोंदाने चिकटवले आणि त्यांना टोळांसोबत पिंजऱ्यात सोडलं. कोळी फिरतो, दबा धरतो, टोळाला दिसतो, पण मारू शकत नाही. तरीही टोळांनी गवत खाणं कमी केलं, दुसऱ्या झाडोऱ्यात आसरा घेतला आणि त्याचा फायदा गवताला दिसला. म्हणजे शिकाऱ्याचा परिणाम एकालाही न मारता वनस्पतीपर्यंत पोचला.

दुसरा प्रयोग लियाना झॅनेट आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर. साँग स्पॅरो या छोट्या पक्ष्याच्या घरट्यांभोवती विजेचं कुंपण आणि जाळी लावली, म्हणजे खरी शिकार जवळजवळ बंद. मग अर्ध्या भागात स्पीकरवरून शिकाऱ्यांचे आवाज, अर्ध्यात निरुपद्रवी प्राण्यांचे आवाज. हा दुसरा अर्धा भाग नसता तर प्रयोग फुकट गेला असता, कारण पक्षी स्पीकरला घाबरले की ससाण्याला हे कसं कळणार. शिकाऱ्यांचे आवाज ऐकणाऱ्या माद्यांनी अंडी कमी घातली, त्यातली कमी उबली, पिल्लांना चारा कमी मिळाला आणि वर्षाला वाढवलेली पिल्लं ४० टक्क्यांनी घटली. कोणी कोणाला खाल्लं नाही तरी.

आता यलोस्टोन, ज्याच्यामुळे हा विषय टीव्हीवर गाजला. १९९५-९६ मध्ये तिथे ३१ लांडगे आणून सोडले. लॉन्ड्रेंच्या टीमला दिसलं की एल्क या मोठ्या हरणांच्या पिल्लं असलेल्या माद्या पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ मान वर करून उभ्या राहायला लागल्या, नरांमध्ये तसं काही नाही. इथपर्यंत भक्कम. पुढे गोष्ट वाढत गेली की भीतीने एल्क नदीकाठ सोडून गेले, विलो आणि अॅस्पेन ही झाडं उगवली, नद्यासुद्धा सुधारल्या. ही गोष्ट ऐकायला इतकी छान आहे की लोक अजूनही तशीच्या तशी सांगतात. पण २०१० मध्ये मॅथ्यू कॉफमन आणि सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा धोक्याच्या जागीसुद्धा अॅस्पेनची रोपं एल्क खातच होते. आणि २०१८ मध्ये गळ्यात जीपीएस कॉलर लावलेल्या एल्कवरून कळलं की ते धोकादायक जागा सोडतच नाहीत, फक्त लांडगे सुस्त असतात त्या वेळात, म्हणजे रात्री, तिथे जातात. लांडगे पहाटे आणि संध्याकाळी जास्त फिरतात. दिवसाचा एकच नकाशा काढून रात्रीचे निष्कर्ष काढले की असं होतं.

यामागे एक तर्कही आहे, लीमा आणि बेडनेकॉफ यांनी १९९९ मध्ये मांडलेला. धोका कधीतरी येत असेल तर तेवढा वेळ लपून बसणं परवडतं. धोका सतत असेल तर लपून उपाशी मरण्यापेक्षा धोक्यात खाल्लेलं बरं, म्हणून कायम धोक्यात राहणारे प्राणी दर मिनिटाला कमी सावध दिसू शकतात. येऊरच्या कडेला भटके कुत्रे दिवसरात्र असतात आणि बिबट्या अंधार पडल्यावर कधीमधी. चितळ कुत्र्याकडे फारसं बघत नाही म्हणून त्याला कुत्र्याची भीती नाही असं म्हणता येत नाही, आणि हे नुसतं मान वर केल्याचे सेकंद मोजून सुटणार नाही, ट्रेसारखं काहीतरी लागतं ज्यात त्याने काय सोडलं ते दिसेल.

आणि माणूस? २०२३ मध्ये झॅनेटच्याच टीमने दक्षिण आफ्रिकेत क्रुगर भागातल्या पाणवठ्यांवर आवाज लावले, सिंहांचे आणि माणसांच्या साध्या बोलण्याचे. माणसांच्या आवाजाने प्राणी पळून जायची शक्यता सिंहाच्या आवाजाच्या दुप्पट निघाली. येऊरला शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, बंगल्यांवर रात्री स्पीकर चालू असतात, त्यामुळे हाच प्रश्न इथे विचारण्यासारखा आहे, फक्त इथल्या प्राण्यांनी मराठी-हिंदी गप्पा पिढ्यानपिढ्या ऐकल्यात, त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी. म्हणून क्रुगरचा आकडा उचलून इथे चिकटवता येणार नाही. शनिवारचे आणि मंगळवारचे ट्रे, त्याच जागी, त्याच महिन्यात, एकदा रस्त्याच्या कडेला आणि एकदा दोनशे मीटर आत, असे मांडावे लागतील, आणि रस्त्याकडेच्या ट्रेमध्ये शनिवारी जास्त उरलं तरी आधी वाळूवरचे ठसे बघायचे, कारण पिकनिकवाल्यांनी टाकलेल्या वेफर्सवर पोट भरलेली खारसुद्धा बाजरी सोडूनच जाते.