एबीसी यादी एमआरपीवर लावू नका
(आमच्याकडे स्टॉक मोजणी लावणाऱ्या मेडिकल दुकानदारांसाठी)

मोजणीसाठी फोन येतो तेव्हा बरेच जण आधीच सांगून टाकतात, "एबीसी आमचं झालंय, तुम्ही फक्त येऊन मोजा." मग व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते. ती उघडली की सगळ्यात वर महागडी इंजेक्शनं, खाली स्वस्त गोळ्या. म्हणजे यादी एमआरपीच्या रकान्यावर उतरत्या क्रमाने लावलेली. हे एबीसी नव्हे, ही किमतीची यादी झाली. हीच एक चूक निस्तरण्यात आमचे दोन-तीन दिवस जातात आणि तुमची मोजणी पुढे ढकलली जाते, म्हणून हे पत्रक.

एबीसी म्हणजे मालाचे ए, बी, सी असे तीन वर्ग, ए वर सगळ्यात जास्त लक्ष. त्यात औषध महाग आहे की स्वस्त, हे बघायचंच नसतं. वर्षभरात त्या एका औषधातून तुमचे किती रुपये फिरतात ते बघायचं. वर्षाचा खप गुणिले तुम्हाला पडलेला दर, एवढंच गणित. 1951 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी ही पद्धत मांडली तेव्हाही मुद्दा हाच होता. कारखान्याच्या सुट्या भागांना जे लागू, तेच आपल्या रॅकला.

सिंहगड रोडवरच्या आमच्या एका ग्राहकाच्या दुकानातले पाच आयटम बघा. समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल केले आहेत.

| औषध | वर्षाचा खप | पडलेला दर | वर्षाची रक्कम |
|---|---|---|---|
| इन्सुलिन ग्लार्जिन कार्ट्रिज | 400 | ₹500 | ₹2,00,000 |
| टेल्मिसार्टन 40, 15 गोळ्यांची स्ट्रिप | 2,400 | ₹80 | ₹1,92,000 |
| पॅरासिटामॉल 650 | 600 | ₹25 | ₹15,000 |
| एनॉक्सापॅरिन 40 सिरिंज | 12 | ₹400 | ₹4,800 |
| आयसोसॉर्बाइड 5, जिभेखालची | 80 | ₹25 | ₹2,000 |

या दुकानाच्या मालक काकांच्या जुन्या यादीत एनॉक्सापॅरिन ए मध्ये होतं आणि टेल्मिसार्टन सी मध्ये. काउंटरवरचा मुलगा महिन्याला एक खपणारी सिरिंज रोज मोजायचा. टेल्मिसार्टनमध्ये तिच्या चाळीसपट पैसा फिरत होता, पण तिकडे कुणी बघत नव्हतं. सी म्हटल्यावर "एकदाच भरून ठेवू" हा नियम लागला. सदाशिव पेठेतल्या स्टॉकिस्टकडून 360 वर 36 फ्री अशा 396 स्ट्रिप यायच्या, ₹31,680 च्या. रोजचा खप साधारण 7, त्यामुळे आठ आठवडे तो गठ्ठा हळूहळू उतरायचा आणि एखाद्या रविवारी रॅक रिकामा. बीपीचं गिऱ्हाईक एका गोळीसाठी येत नाही. त्याच्या चिठ्ठीवर शुगरची, कोलेस्टेरॉलचीही गोळी असते. टेल्मिसार्टन नाही म्हटलं की अख्खी चिठ्ठी समोरच्या दुकानात जाते आणि पुढच्या महिन्यापासून तिकडेच जाते.

आता तिथे टेल्मिसार्टन 35 स्ट्रिपवर आलं की ऑर्डर जाते. 35 म्हणजे पाच दिवसांचा माल. दोन दिवस माल पोचायला धरले आणि तीन हाताशी. ऑर्डर 50 वर 5 फ्रीची. दुकानात फार तर 80 स्ट्रिप असतात, म्हणजे ₹6,400 च्या आत. "स्कीम जाईल ना!" हा काकांचा पहिला आक्षेप होता. पण ही स्कीम दहावर एक अशी होती, ती दहा घेतल्या तरी मिळते. 360 वर खरंच जास्त काही मिळत असेल तर तो हिशेब जरूर करा. आमच्या अनुभवात बहुतेक वेळा मिळत नाही, फक्त सेल्समनचं टार्गेट पूर्ण होतं.

आकडे कुठे चुकतात

खप विक्रीवरून घ्या, खरेदीवरून नको. खरेदीवरून घेतला तर मार्चमध्ये स्कीमला भुलून भरलेला माल यादीत वर चढतो. विक्रीतूनही गिऱ्हाइकाने परत केलेला माल वजा व्हायला हवा.

दर म्हणजे बिलावर छापलेला दर नव्हे. टेल्मिसार्टनच्या बिलावर दर ₹88 आहे. दहाचे 880 रुपये दिले, हातात अकरा आल्या, म्हणून पडलेला दर ₹80. जीएसटी त्यातून बाहेर ठेवा. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंची बिलं करासकट एकत्र केली तर एकाच औषधाचे दोन दर दिसतात आणि दर उतरल्याचा भास होतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र आधी सांगा. तुम्हाला कराचं क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तुमचा दर करासकट धरावा लागतो.

सगळ्यात वाईट घोटाळा गोळी आणि स्ट्रिपचा. आपण स्ट्रिप कापून देतो, म्हणून बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये विक्री गोळ्यांत नोंदते आणि खरेदी स्ट्रिपमध्ये. 2,400 स्ट्रिप म्हणजे 36,000 गोळ्या. त्यांना चुकून स्ट्रिपच्या दराने गुणलं की एकटं टेल्मिसार्टन ₹28,80,000 दाखवतं. हे ओळखायचं कसं? शेवटच्या रकान्याची बेरीज करा. वर्षाच्या सुरुवातीचा स्टॉक अधिक खरेदी, उणे वर्षअखेरचा स्टॉक, या रकमेच्या आसपास ती बेरीज यायला हवी. दुप्पट-तिप्पट आली तर कुठेतरी गोळ्या-स्ट्रिप मिसळल्या आहेत, आणि दोषी आयटम बहुधा यादीच्या वरच्या दहा ओळींतच सापडतो.

आम्ही बारा महिन्यांची फाइल मागतो आणि त्यावर तुम्ही कुरकुर करता, तेही ऐकून घेतो. पण जून ते ऑगस्ट एवढाच डेटा घेतला तर पावसाळ्यातलं खोकल्याचं औषध ए मध्ये जाऊन बसतं आणि ओआरएस तळाला जातं. मार्च ते मे घेतला तर उलट. वर्ग वर्षभराच्या रकमेवरून ठरवायचा. या महिन्यात किती मागवायचं, ते गेल्या वर्षीच्या याच महिन्याकडे बघून.

रेघ कुठे मारायची

रक्कम मोठ्याकडून छोट्याकडे लावा आणि वरून बेरीज करत या. एकूण रकमेच्या 70 टक्क्यांपर्यंत ए, पुढच्या 20 टक्क्यांपर्यंत बी, उरलेलं सी. काकांच्या 1,800 आयटमपैकी ए मध्ये 160 आले, बी मध्ये 340 आणि सी मध्ये 1,300. कुणी 80 टक्क्यांवर रेघ मारतं, त्यात चूक काही नाही. फक्त ए वर्ग तुमच्या माणसांना मोजता येईल एवढाच ठेवा.

एकाच औषधाचे सहा ब्रँड असतील तर ते एकत्र करायचे का, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. मोजणीसाठी नको. शेड्यूल एचच्या चिठ्ठीवर लिहिलेला ब्रँड बदलून देता येत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी ते सहा वेगळेच आयटम आहेत. पण वर्षातून एकदा मॉलिक्यूलनुसार बेरीज करून बघा. पॅन्टोप्राझोलचे सगळे ब्रँड वेगवेगळे बी-सी मध्ये विखुरलेले असतात आणि एकत्र केले की ए मध्ये बसतात. कोणत्या स्टॉकिस्टशी दराची घासाघीस करायची, ते तिथे कळतं.

मोजणीत काय दिसतं

160 आयटम एका दिवशी मोजायचे नसतात. रोज 27 घ्या, सहा दिवसांत फेरी पूर्ण होते. दुपारी जेवणानंतर गर्दी नसते तेव्हा अर्ध्या तासाचं काम. बी महिन्यातून एकदा, सी वर्षातून दोनदा एक्सपायरी बघतानाच.

फरक निघाला की लगेच पोरावर संशय घेऊ नका. काकांकडे पहिल्याच आठवड्यात टेल्मिसार्टन 40 च्या 6 स्ट्रिप कमी भरल्या. शेजारच्या टेल्मिसार्टन 40 एच च्या 6 जास्त निघाल्या. बिल करताना चुकून 40 एच ची ओळ निवडली आणि रॅकवरून साध्या 40 चं पाकीट दिलं गेलं, किंवा बिल बरोबर आणि पाकीट चुकीचं. पहिल्या प्रकारात नुकसान हिशेबाचं, दुसऱ्यात पेशंटचं, कारण एच मध्ये लघवी वाढवणारं औषध जास्तीचं असतं. म्हणून एक आयटम कमी निघाला की त्याच नावाचे एच आणि एएम दोन्ही तिथल्या तिथे मोजायचे. माल सगळीकडे जास्त भरत असेल तर स्कीमचा फ्री माल खरेदीत चढवायचा राहिलाय.

एबीसीला जे कळत नाही

तक्त्यातली शेवटची ओळ परत बघा. जिभेखालची आयसोसॉर्बाइड, वर्षाला ₹2,000, पक्की सी. पण रात्री दहाला छातीत दुखतंय म्हणून कुणी धावत आलं आणि ती नसेल तर हा हिशेब काय कामाचा? म्हणून यादी झाल्यावर आम्ही तुमच्या फार्मासिस्टला शेजारी बसवून प्रत्येक आयटमपुढे व्ही, ई किंवा डी लिहून घेतो. जिवाची, गरजेची, नसली तरी चालेल अशी. सी असूनही व्ही असेल तर ती कधीच शून्यावर जाऊ द्यायची नाही. स्वस्तच असते, दोन स्ट्रिप जास्त ठेवल्याने भांडवल अडकत नाही. हे काम आमचा मुलगा एकटा करू शकत नाही, तुमचा फार्मासिस्टच लागतो. त्याचे दोन तास मागतो ते यासाठी.

शेड्यूल एच1 च्या औषधांचं रजिस्टर वर्ग कुठलाही असला तरी ठेवायचंच, आणि तीन वर्षं जपायचं. तिथे एबीसीची सबब चालत नाही.

यादी तुम्ही स्वतः केलीत तरी आमची हरकत नाही. वरची बेरीज जुळत असेल तर आम्ही तीच घेऊन मोजायला येतो आणि यादीचे पैसे लावत नाही. आमच्याकडून करून घ्यायची असेल तर बारा महिन्यांची आयटमवार विक्री, खरेदीची बिलं आणि दोन्ही वर्षअखेरचा स्टॉक, तिन्ही एक्सेलमध्ये पाठवा. पीडीएफ पाठवू नका, त्यातून आकडे उतरवण्यातच आमची संध्याकाळ जाते. फाइल सोमवारी आली तर गुरुवारी यादी मिळते. पहिली मोजणी आमची माणसं तुमच्या मुलासोबत करतात, म्हणजे पुढच्या आठवड्यापासून तो एकटा करू शकतो. यादी दर सहा महिन्यांनी नव्याने लावून देतो, ते वर्षाच्या फीमध्येच धरलेलं आहे.