डोळा ओळखणारा ऑटोफोकस

डोळा ओळखणारा ऑटोफोकस, छायाचित्रकारांच्या बोलीत 'आय एएफ', म्हणजे समोरच्या माणसाचा किंवा प्राण्याचा डोळा कॅमेऱ्याने स्वतः शोधून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय. कॅननच्या १९९२ सालच्या ईओएस ५ कॅमेऱ्यातही डोळ्याशी जोडलेला फोकस होता, पण तो छायाचित्रकाराची नजर कुठे आहे ते पाहून फोकसबिंदू निवडत असे. आजची सोय मिररलेस कॅमेऱ्यांसोबत रुळली. २०१९ मध्ये सोनीच्या अल्फा ९ ला नव्या फर्मवेअरमधून शटर अर्धे दाबताच डोळा धरता येऊ लागला आणि त्याच वर्षी प्राण्यांचे डोळेही या सोयीत आले.

फोकस का सुटतो हे समजण्यासाठी एक गोष्ट आधी पक्की हवी. कॅमेरा इथे दोन वेगळी कामे करतो. पहिले ओळखण्याचे: चित्रात डोळा कुठे आहे हे ठरवून तिथे छोटी चौकट दाखवायची. दुसरे अंतराचे: त्या चौकटीखाली जे काही आहे ते किती दूर आहे हे मोजून लेन्स हलवायची. चौकट डोळ्यावर आहे याचा अर्थ फोकसही डोळ्यावर आहे असा होत नाही. बिघाड कोणत्या कामात झाला हे न पाहता सेटिंग बदलत बसणे, हीच मला यातली सर्वांत महागडी चूक वाटते, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मराठी लग्नात हे दोन्ही बिघाड एका तासात भेटतात. समजा ८५ मिमीची लेन्स f/1.4 वर आहे आणि नवरी दीड मीटरवर. फुल फ्रेम कॅमेऱ्यात अशा वेळी जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. बाजूने फोटो काढताना मुंडावळीची सर नेमकी डोळ्यासमोर लोंबते. चौकट डोळ्यावरच असते, पण मोत्यांच्या कडा पापणीपेक्षा ठळक असल्याने अंतर मोत्यांचे मोजले जाते. फोटो १०० टक्के मोठा करून पाहिला की मोती कोरल्यासारखे दिसतात आणि बुबुळ मऊ. ओळख बरोबर, मोजणी चुकली. इथे अर्धे पाऊल समोरच्या बाजूला सरकावे म्हणजे सर गालाकडे जाते, किंवा f/2.8 वर यावे. तेवढ्याने खोली साधारण पाच सेंटिमीटर होते आणि मोती व डोळा दोन्ही तीत मावतात.

अक्षतांचा प्रश्न निराळा. दाणे क्षणभर मध्ये येतात आणि कॅमेरा त्यांच्यामागे धावतो. त्यासाठी फोकस किती चटकन नव्या अंतरावर उडी मारेल हे ठरवणारे सेटिंग असते. सोनीत ते `AF Tracking Sensitivity` या नावाने दिसते आणि त्यात १ म्हणजे चिकटून राहणारा, ५ म्हणजे चपळ. निकॉनच्या `Blocked shot AF response` मध्ये उलटे आहे: १ चपळ, ५ सावकाश. दोन कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अक्षतांसाठी चिकट बाजू योग्य. पण तीच अंतरपाटाला नडते. नवऱ्यामागून नवरीकडे कॅमेरा रोखलेला असतो, तोवर फोकस कापडावर बसलेला असतो, आणि कापड बाजूला झाल्यावरही चिकट सेटिंग जुन्या अंतरावर थांबून राहते. म्हणून अंतरपाट दूर होताक्षणी बोट उचलून शटर पुन्हा अर्धे दाबावे. नवी सुरुवात झाली की कॅमेरा चेहरा नव्याने शोधतो.

चौकटच दिसत नसेल तर दोष ओळखण्यात आहे. डोळा चित्रात फार लहान असेल, मागून कडक उजेड असेल किंवा लेन्सचा फोकस मुळातच फार दूरच्या अंतरावर गेलेला असेल, तर धूसर चित्रात कॅमेऱ्याला चेहरा सापडतच नाही. शेवटच्या कारणावर उपाय म्हणजे माणसाइतक्याच अंतरावरच्या एखाद्या ठळक वस्तूवर आधी फोकस घेऊन मग परत येणे.

प्राण्यांत हीच विभागणी लागू पडते. ताडोबाच्या वाळक्या गवतातला वाघ म्हणजे मुंडावळीचेच दुसरे रूप: चौकट डोळ्यावर, फोकस पुढच्या काडीवर. काळ्या कुत्र्याचे डोळे मात्र केसांच्या रंगात मिसळतात, त्यामुळे तिथे ओळखच डळमळते. डोळा हरवला की कॅमेरा डोके आणि मग अंग धरतो, आणि समोरून धावत येणाऱ्या कुत्र्याचे नाक तीक्ष्ण येते. मोठ्या कुत्र्यात नाकापासून डोळा दहा सेंटिमीटर मागे असू शकतो, म्हणजे उघड्या लेन्सला तो गेलाच. अशा वेळी फोकसक्षेत्र लहान करून स्वतः डोळ्याजवळ ठेवल्यास शोधाची जागा आटते. `Animal` आणि `Bird` हे पर्याय वेगळे असलेल्या कॅमेऱ्यात खंड्यासाठी पहिला निवडलेला राहिला, तर चौकट अनेकदा चोचीवर किंवा मागच्या फांदीवर फिरत राहते.